फ्रेंच प्रेस: दट्ट्या दाबण्याआधी वरचा थर फोडून फेस काढला तर गाळ खरंच कमी होतो का?

ओंजळभर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ६०० मिलीचा काचेचा फ्रेंच प्रेस आहे. सकाळी दोघांची कॉफी त्यातच होते, बिनदुधाची. पूड ३० ग्रॅम, पाणी ५०० ग्रॅम, दोन्ही काट्यावर मोजून. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबतो आणि ओततो. चार मिनिटं झाली की दट्ट्या तळापर्यंत दाबतो आणि कपात ओततो.

चवीबद्दल तक्रार नाही, तक्रार गाळाची आहे. पहिला कप बरा असतो. दुसऱ्या कपाचे शेवटचे घोट मात्र जिभेवर भुरभुरीत लागतात आणि तळाशी चॉकलेटी चिखल उरतो. दट्ट्या दाबतानाही शेवटी बराच जोर लावावा लागतो.

हल्ली सगळीकडे सांगतात की चार मिनिटांनी वर तरंगणारा पुडीचा थर चमच्याने फोडा, उरलेला फेस काढून टाका आणि मगच दट्ट्याला हात लावा. जेम्स हॉफमन यांचा व्हिडिओही पाहिला. पण एक गोष्ट डोक्यात बसत नाही. गाळ तर तळाशी असतो. वरचं काढून तळाचा गाळ कसा कमी होणार? आणि थर फोडायचा म्हणजे नेमकं किती ढवळायचं? कुणी नियमित करत असेल तर सविस्तर सांगा.

सुमनताई

आमच्याकडेही हा त्रास होता. कॉफी जरा निवली की वर साय धरते आणि ती घोटात आली की पिववत नाही. दूध तापवताना सारखं ढवळत राहा आणि कपात ओतताना बारीक गाळणी धरा. साय येणार नाही.

ओंजळभर

सुमनताई, धन्यवाद. पण आमची कॉफी बिनदुधाची असते. मी म्हणतोय तो थर सायीचा नाही, कॉफीच्या पुडीचाच आहे. पाणी ओतलं की पूड फुगून वर येते आणि बोटभर जाडीचं झाकण तयार होतं, ते.

कणाद

उत्तर सोपं आहे. दळताना जी अगदी बारीक भुकटी होते ती हलकी असते, बुडबुड्यांना चिकटते आणि फेसात अडकून राहते. फेस काढला की भुकटी गेली. त्यानंतर लगेच दाबलंत तरी चालेल, थांबायची गरज नाही. मी असंच करतो आणि मला फरक जाणवतो.

पश्चिमघाट

मी मूळची सांगलीची. आता चिकमगळूरला कॉफीच्या चाखणीचं काम करते. थर फोडणं आणि फेस काढणं हा आमचा रोजचा उद्योग, म्हणून जरा लांबण लावते.

कणाद म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. फेसात बारीक कण अडकलेले असतात, हे बरोबर. पण सगळी भुकटी वर नसते. बराच भाग पाण्यात लोंबकळत असतो. तो फेसाबरोबर निघत नाही, तो खाली बसावा लागतो. आणि लगेच दाबलंत तर त्याला बसायला वेळच मिळत नाही.

थर मुळात का बनतो ते आधी बघा. भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. गरम पाणी लागलं की तो बाहेर पडतो आणि कणांना धरून वर नेतो. त्यामुळे मोठे, जाड कणसुद्धा तरंगतात. चार मिनिटांत बराचसा वायू निघून जातो, कण भिजून जड होतात, पण एकमेकांत अडकून वरच राहतात. चमच्याने हलकेच मोडलं की अडकलेला वायू सुटतो आणि पूड खाली जायला लागते. काचेचं भांडं असेल तर हे दिसतं. वरचा काळपट पट्टा तुटतो, कण सरी पडाव्यात तसे खाली येतात आणि मिनिटाभरात तळाशी जाड थर धरतो. वर उरतो तो फिकट तपकिरी फेस आणि त्यात थोडे हट्टी कण. काढायचं ते एवढंच.

म्हणजे थर फोडण्याचा उद्देश पूड काढून टाकणं नसून ती स्वतःहून खाली बसवणं आहे. तुम्ही न फोडता दट्ट्या दाबता तेव्हा ती सगळी तरंगणारी पूड जाळीने ढकलत तळाला नेता. जाळी खाली जाताना तिच्या खालचं पाणी जाळीतून आणि कडेच्या फटीतून वर येतं आणि येताना बारीक कण घेऊन येतं. जाळीची भोकं जाड कण अडवतात, भुकटी अडवत नाहीत. शेवटी जोर लागतो तेव्हा तर तुम्ही ओल्या पुडीच्या थरातून पाणी पिळून काढत असता. चिखल तिथून येतो.

आमच्या चाखणीत जाळी नसतेच. वाडग्यात पूड, वर पाणी, चार मिनिटांनी चमच्याने थर मोडायचा, दोन चमच्यांनी फेस काढायचा आणि थांबायचं. मग वरवरून चमच्याने घोट घ्यायचा. घोट स्वच्छ येतो. गाळणी नसताना स्वच्छ येतो, यावरून काम कोण करतं ते कळेल. पूड खाली बसण्याने काम होतं. प्रेसची जाळी फक्त ओतताना एखादा तरंगता कण अडवायला.

ओंजळभर

आता डोक्यात प्रकाश पडला. मग नेमकी कृती सांगाल का? चमचा किती खोल घालायचा, फेस किती काढायचा, नंतर किती थांबायचं?

पश्चिमघाट

तुमचं ३० ला ५०० हे प्रमाण तसंच ठेवा.

पाणी ओतल्यावर ढवळू नका. सगळी पूड भिजली आहे एवढं बघा. कोरडा कोपरा दिसला तर तिथे थोडं पाणी सोडा. चार मिनिटं हात लावायचा नाही. घाई करून मिनिटा-दीड मिनिटात थर फोडलात तर आत वायू शिल्लक असतो. फोडलेली पूड खाली जाते आणि पुन्हा वर येऊन दुसरा, पातळ थर धरते. असं झालं तर समजायचं, लवकर फोडलं.

चार मिनिटांनी चमच्याची पाठ थराला लावून हलकेच मागून पुढे दोन-तीनदा फिरवायची. चमचा पृष्ठभागाच्या थोडासाच खाली. तळापर्यंत नेऊन गोल गोल घोटू नका. तळाला जे बसायला लागलेलं असतं ते पुन्हा उठतं आणि तिथून घड्याळ नव्याने सुरू होतं. काचेचं भांडं आहे तर लाकडी चमचा बरा.

मग दोन चमचे घ्या. भांड्याच्या दोन कडांपासून मध्याकडे आणा, फेस एकत्र येईल, तो उचला. शेजारी पाण्याचा पेला ठेवा आणि दर वेळी चमचे त्यात बुडवून घ्या, नाहीतर चमच्याला चिकटलेलंच परत जातं. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. त्यात दोन-तीन चमचे कॉफी जाईल, ती जाऊ द्या. शेवटचा ठिपकाही निघावा म्हणून खरवडत बसलात तर पुन्हा ढवळलं जाईल.

आता दट्ट्या वर खेचलेलाच ठेवून झाकण लावा आणि किमान पाच मिनिटं सोडा. हा टप्पा लोक गाळतात आणि मग म्हणतात, फरक पडला नाही. कण जितका बारीक तितका तो हळू बसतो. अर्ध्या आकाराच्या कणाला तेवढंच अंतर खाली जायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून मोठे कण मिनिटात बसतात आणि तोंडाला लागणारी भुकटी मागे राहते.

शेवटी दट्ट्या फक्त कॉफीच्या पृष्ठभागाखाली जाईल एवढाच उतरवा, दाबू नका. आणि ओतताना एकाच झुकावात, सावकाश. एक कप भरला, भांडं सरळ केलं, दुसरा भरायला पुन्हा तिरकं केलं, की तळाचा थर दोनदा हलतो. दोन्ही कप जवळ ठेवून भांडं तिरकंच ठेवून एकातून दुसऱ्यात जा. तळाची बोटभर कॉफी प्रेसमध्येच राहू द्या.

ठाणेकर७

माझा अनुभव उलटा आहे. मी हे सगळं केलं आणि गाळ जसाच्या तसा. शिवाय थर वगैरे काही बनतच नाही, फोडायला काही नसतं. मी माटुंग्याच्या एका दुकानातून ताजी दळून आणतो, चिकोरी घातलेली. वास उत्तम येतो, म्हणजे शिळी नाही.

पश्चिमघाट

ती पूड दाक्षिणात्य फिल्टरसाठी दळलेली आहे. दोन गोष्टी आड येतात. एक, ती फार बारीक असते. दोन, चिकोरी तरंगत नाही. घरी बघायचं तर काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि वरून चिमूटभर पूड हलकेच भुरभुरा. कॉफी वर राहते, चिकोरी खाली जायला लागते आणि जाताना मागे तपकिरी रेघ सोडते. भेसळ ओळखायला हीच चाचणी सांगतात.

त्यामुळे तुमच्याकडे थर धरणार नाही आणि फेस काढून काही हाती लागणार नाही. ही पूड पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये घाला. तिथे दाबून बसवलेली पूड स्वतःच गाळणीचं काम करते, पाणी तिच्यातून हळूहळू ठिबकतं. प्रेसला चिकोरीशिवायची, जाडसर दळलेली हवी.

ठाणेकर७

जाडसर म्हणजे किती? दुकानदार विचारतो तेव्हा सांगता येत नाही.

पश्चिमघाट

बोटांत चोळून बघा. जाड रव्यासारखं टोचायला हवं. पिठासारखं सरकलं तर प्रेससाठी बारीक. पण एक सांगते. थांबायची तयारी असेल तर अगदी जाड दळायची गरज नाही, मध्यम चालतं. खूप जाड दळणं हा दाबताना होणाऱ्या त्रासावरचा उपाय होता. दाबायचंच नसेल तर तो लागत नाही आणि चवही जास्त उतरते.

रानवाट

इथे मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मी गडद भाजलेली कॉफी पितो. चार अधिक पाच, म्हणजे नऊ-दहा मिनिटं पूड पाण्यात राहिली की मला घशाशी कडवट चरचर लागते. चार मिनिटांत ओतली तर ती नसते. गाळ कमी होतो हे मान्य, पण त्याची किंमत आहे.

पश्चिमघाट

गडद भाजलेलीत असं होऊ शकतं, मी नाकारत नाही. पण वेळापेक्षा दळण कारण असेल असं मला वाटतं. पूड खाली बसली आणि पाणी निवत गेलं की अर्क उतरणं बरंच मंदावतं. पाचव्या मिनिटापासून दहाव्यापर्यंत फार काही वाढत नाही. एकदा दळण एक पायरी जाड करून आणि पाणी जरा निवलेलं, ९० अंशांच्या आसपासचं घेऊन बघा.

रानवाट

दळण जाड करून पाहिलंय. थोडं सुधारतं, पूर्ण जात नाही. मी सध्या थर फोडतो, फेस काढतो, पण दोनच मिनिटं थांबतो आणि तळाची कॉफी जरा जास्त सोडून देतो. माझ्या भाजणीला तो मधला मार्ग बरा वाटतो.

टोरांटोकर

वाचतोय, उपयुक्त धागा. एक वेगळा प्रश्न. फ्रेंच प्रेसच्या कॉफीने कोलेस्टेरॉल वाढतं म्हणून डॉक्टरांनी मला कागदी गाळणीची कॉफी प्यायला सांगितली आहे. वरचा तेलकट तवंग आणि फेस काढून टाकला तर तो प्रश्न सुटतो का? मला प्रेसची चव सोडवत नाही.

पश्चिमघाट

नाही, सुटत नाही. एलडीएल वाढवणारे पदार्थ म्हणजे मुख्यतः कॅफेस्टॉल आणि थोड्या प्रमाणात काहविऑल. ते कॉफीच्या तेलात असतात, आणि ते तेल फक्त वर तरंगत नाही, सगळ्या कॉफीत बारीक थेंबांच्या रूपात पसरलेलं असतं. वरून दोन-तीन चमचे काढल्याने त्यातलं फारच थोडं जातं. कागद ते अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर प्रेसमध्ये अशीच करा, पण शेवटी कागदातून गाळून घ्या. कॉफी आधीच निवळलेली असल्याने कागद लवकर तुंबत नाही. चव थोडी हलकी होईल.

टोरांटोकर

म्हणजे थर फोडण्याचा फायदा इथेही झाला. करून बघतो.

ओंजळभर

आज रविवार, वेळ होता म्हणून तुलना करून पाहिली. प्रेस एकच आहे, म्हणून तीन सारखे काचेचे पेले घेतले. प्रत्येकात १५ ग्रॅम पूड आणि २५० ग्रॅम पाणी. पूड एकाच पिशवीतली, मध्यम दळलेली.

पहिल्यात चार मिनिटांनी थर न फोडता चहाची धातूची गाळणी वरून दाबत तळापर्यंत नेली आणि लगेच ओतली. दुसऱ्यात थर फोडला, फेस काढला नाही, पाच मिनिटं थांबून गाळणी तोंडाशी धरून ओतली. तिसऱ्यात थर फोडला, दोन चमच्यांनी फेस काढला, पाच मिनिटं थांबून तशीच ओतली. तिन्हींतली तळाची बोटभर कॉफी मागे ठेवली. ओतलेल्या तिन्ही कॉफ्या स्वच्छ काचेच्या पेल्यांत तशाच पंधरा मिनिटं ठेवल्या आणि मग खिडकीपाशी नेऊन खालून बघितल्या.

पहिल्याच्या तळाशी अख्ख्या तळभर चिखल. पेला तिरका केला तर तो सरकत होता. दुसरा आणि तिसरा पहिल्याच्या तुलनेत जवळजवळ स्वच्छ. तळाला पातळ करडी छटा, मधे एक टिकली. या दोघांच्या तळात मला फारसा फरक दिसला नाही.

फरक वर होता. दुसऱ्यावर फेसाची कड आणि काळे ठिपके तरंगत होते आणि पहिला घोट घेतला की ते ओठांना लागत होते. तिसऱ्याचा पृष्ठभाग नितळ. म्हणजे माझ्या पुडीपुरतं तरी तळाचा गाळ कमी करायचं काम थर फोडणं आणि थांबणं करतं. फेस काढल्याने पहिला घोट सुधारतो.

कणाद

तुलना चांगली आहे, पण एक शंका. चहाची गाळणी म्हणजे प्रेसची जाळी नव्हे. प्रेसमध्ये फेस तसाच ठेवला तर दट्ट्या पृष्ठभागाखाली नेताना जाळी त्या फेसातून जाते. तेव्हा बुडबुडे फुटून त्यातली भुकटी पुन्हा कॉफीत मिसळत असणार. तुमच्या पेल्यांत गाळणी फक्त तोंडाशी होती, त्यामुळे ते घडलंच नाही. फेस काढण्याचा वाटा तुम्हाला कमी दिसला तो त्यामुळे असू शकेल.

पश्चिमघाट

ही शंका रास्त आहे. प्रेसमध्ये फेस ठेवून आणि काढून अशी जोडी लावली तरच कळेल. माझा अंदाज असा की भर पडेल, पण थोडी. कारण शेवटी फेस भांड्याच्या एकूण कॉफीच्या मानाने अगदी पातळ असतो. तरी मी फेस काढते, आणि त्याचं कारण मला चवीतही दिसतं. नुसता फेस चमच्याने चाखून बघा, कडवट आणि कोरडा लागतो. तो कपात मिसळला तर जाणवतो की नाही यावर आमच्या टेबलावरही दोन मतं आहेत.

ओंजळभर

फेस आजच चाखला. जीभ खरोखरच कोरडी पडते. पण संपूर्ण कपात तो मला वेगळा ओळखू आला नाही.

आणखी एक विचारायचं होतं. दोन आठवड्यांनी त्याच पिशवीतल्या पुडीचा थर निम्माच धरतो. मग फोडायचं ते काय?

पश्चिमघाट

दळलेली पूड वायू फार लवकर सोडते, म्हणून थर पातळ होत जातो. थर नाही म्हणजे बरीचशी पूड आपोआपच खाली गेली आहे. तरी चार मिनिटांनी चमचा एकदा वरून फिरवा, वर जे रेंगाळलंय ते काढा आणि पाच मिनिटं थांबा. याच्या उलटही होतं. एक-दोन दिवसांपूर्वी भाजलेली पूड इतकी फुगते की ६०० मिलीच्या भांड्यात ५०० ग्रॅम पाणी ओतताना काठावरून वाहते. तेव्हा आधी निम्मं पाणी ओता, अर्धा मिनिट फुगू द्या, मग उरलेलं.

आणि तुमच्या प्रेसची जाळी एकदा सुटी करून उजेडात धरा. कडेची गोल स्प्रिंग कुठे वाकली असेल किंवा जाळीची कड दुमडली असेल तर काचेपाशी फट राहते. न दाबण्याच्या पद्धतीत तिचा त्रास कमी होतो, पण ओतताना तरंगते कण तिथूनच निसटतात.

ओंजळभर

काढून बघितली. एका बाजूला जाळीची कड आतल्या बाजूला दुमडली आहे, नखभर. हाताने सरळ केली तर टिकेल, की नवीनच जाळी आणावी?

रानवाट

सुटी जाळी मिळते, मात्र भांड्याचा व्यास मोजून घ्या. ६०० मिलीच्या सगळ्या भांड्यांचा व्यास एकच नसतो. हाताने सरळ केलेली माझी थोडेच दिवस टिकली होती.

कणाद

नवीन जाळी आणलीत तर फेस ठेवून आणि फेस काढून अशी दोन्ही प्रकारे प्रेसमध्येच करून बघा, आणि तळ कसे दिसतात ते इथे लिहा. मीही या आठवड्यात माझ्या ३५० मिलीच्या प्रेसमध्ये पाच मिनिटं थांबून बघतो. आत्तापर्यंत मी फेस काढल्यावर लगेच दाबत आलोय.